छापील किंमत, शेजाऱ्याचे शेत आणि शेवटची पिशवी

कोसबाडच्या टेकडीच्या पश्चिमेला घोलवड-बोर्डीच्या चिकूवाड्या आणि त्यापलीकडे समुद्र. पूर्वेला डहाणू-तलासरीचे पाडे, डोंगरउतार आणि भातखाचरे. या दोन्ही बाजूंना ग्राहक आहेत. बोर्डीच्या रस्त्यावर गाडी थांबवून चिकूची पेटी घेणारा मुंबईकर हा एक ग्राहक. मे महिन्याच्या अखेरीस तलासरीच्या किंवा कासाच्या बाजारात भाताचे बियाणे घ्यायला आलेली वारली बाई ही दुसरी. ग्राहकाच्या मनाला पडणाऱ्या भुलींविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुतेक पहिल्याबद्दल असते. मला दुसरीबद्दल लिहायचे आहे, कारण त्या भुलींची खरी किंमत तिच्या खरेदीत कळते.

चिकूची पेटी महाग पडली तर मुंबईकराला ते संध्याकाळपर्यंत समजते. दोन किलोमीटर पुढे तीच पेटी स्वस्त दिसते आणि पुढच्या खेपेला तो शहाणा होतो. बियाण्याचे तसे नाही. ते वर्षातून एकदाच घ्यायचे. त्याचा निकाल कार्तिकात हाती येतो, आणि मधल्या काळात पाऊस, खत, करपा, खोडकिडा, लावणीला झालेला उशीर अशा दहा गोष्टी त्यात मिसळलेल्या असतात. पीक कमी आले तर दोष बियाण्याचा की पावसाचा, हे सांगणे कृषी अधिकाऱ्यालाही कठीण जाते. अनुभवाने माणूस शिकतो हे खरे, पण त्यासाठी अनुभव पुन्हापुन्हा यावा लागतो आणि त्याचे कारण ओळखता यावे लागते. बियाण्याच्या खरेदीत यातले काहीच होत नाही. तिथे माणूस इतर खुणांवर अवलंबून राहतो, आणि त्या खुणा दुकानात तयार करता येतात.

मृगाच्या आधीच्या आठवड्यातला दुकानातला संवाद साधारण असा असतो.

“भात कोणता देऊ, काकी?”

“कितीला हाय, शेठ?”

“हे बघ, छापील साडेदहाशे. तुला नऊशेला देतो.”

“नऊशे?”

“अगं, तुमच्या पलीकडच्या पाड्यातल्या सगळ्यांनी हेच नेलंय. आता चार-पाच पिशव्या राहिल्यात. उद्या आलीस तर मिळंल असं नाही.”

बाई क्षणभर पिशवीवरच्या हिरव्यागार खाचराच्या चित्राकडे बघते आणि कनवटीची पुरचुंडी सोडते. व्यवहार दोन मिनिटांत संपतो. वर्तनशास्त्राच्या अभ्यासकांनी गेली पन्नास वर्षे ज्या तीन गोष्टींवर प्रयोग केले त्या तिन्ही या चार वाक्यांत आल्या. छापील किमतीचा आकडा म्हणजे अँकरिंग. पलीकडचा पाडा म्हणजे सामाजिक पुरावा. चार-पाच पिशव्या म्हणजे टंचाई. दुकानदाराने यांची नावे ऐकलेली नसतील. त्याला त्यांची गरजही नाही.

आधी आकड्याचे पाहू. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1974 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग आता बराच परिचित आहे. लोकांसमोर आकड्यांचे एक चक्र फिरवले जाई. ते मुद्दाम 10 किंवा 65 वरच थांबेल अशी सोय केलेली होती. नंतर प्रश्न विचारला जाई की, संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देशांचे प्रमाण किती टक्के असेल? चक्रावर 10 पाहिलेल्यांच्या उत्तरांचा मध्य 25 टक्के होता, 65 पाहिलेल्यांचा 45 टक्के. चक्राचा आणि आफ्रिकेचा काही संबंध नाही हे सर्वांना दिसत होते, तरी पहिल्या आकड्याने उत्तर आपल्याकडे ओढले. पुढे 1987 मध्ये ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील यांनी अमेरिकेतल्या टूसॉन शहरात अनुभवी इस्टेट एजंटांना एक खरे घर दाखवून त्याची किंमत ठरवायला सांगितली. मालकाची मागणीची रक्कम मात्र वेगवेगळ्या गटांना वेगवेगळी दिली. एजंटांचे अंदाज त्या रकमेबरोबर वरखाली झाले. आपण मागणीच्या रकमेकडे पाहिलेच नाही, असे बहुतेकांचे म्हणणे होते. तेव्हा निरक्षर बाई छापील आकड्याला बळी पडते असे म्हणण्यात अर्थ नाही. ज्यांचा रोजचा धंदाच किमती ठरवण्याचा आहे, तेही बळी पडतात आणि त्यांना ते कळत नाही.

आपल्या देशात या पहिल्या आकड्याला कायद्याने जागा दिलेली आहे. पाकीटबंद मालावर कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक आहे. ग्राहकाची लूट होऊ नये हा त्यामागचा हेतू, आणि तो चांगलाच आहे. पण ती किंमत किती असावी यावर बहुतेक मालात बंधन नाही. कापसाच्या बियाण्याची कमाल किंमत 2015 च्या आदेशानुसार केंद्र सरकार ठरवते. भाताच्या बियाण्याची उत्पादक ठरवतो. त्यामुळे साडेदहाशे छापून नऊशेला विकणे पूर्ण कायदेशीर आहे, आणि गिऱ्हाइकाच्या मनात दीडशे रुपये वाचल्याची नोंद होते. ते दीडशे रुपये कुठेच नव्हते. ते फक्त छापलेले होते.

यातून सुटायचा उपाय छापील आकड्याकडे दुर्लक्ष करणे हा नाही, कारण ते जमत नाही. दुसरा, आपला आकडा आधी तयार ठेवणे हे जमते. तो कसा काढायचा, हे एका उदाहरणाने पाहू. इथल्या बियाण्याच्या किमती उदाहरणापुरत्या धरल्या आहेत, रीत महत्त्वाची.

समजा, शेत वीस गुंठ्यांचे, म्हणजे अर्ध्या एकराचे आहे. सुधारित वाणाचे बियाणे त्याला आठ ते दहा किलो लागते. दहा किलोची पिशवी साडेचारशेला मिळते असे धरू. संकरित बियाणे एका चुडात एकदोनच रोपे लावून भागत असल्याने तीन-चार किलोत काम होते. तीन किलोची पिशवी नऊशेची. पिशवीला पिशवी लावली तर फरक साडेचारशे रुपयांचा. किलोला किलो लावला तर एकीकडे पंचेचाळीस आणि दुसरीकडे तीनशे, म्हणजे तुलनाच भयंकर वाटते. दोन्ही हिशेब चुकीचे आहेत. खरा प्रश्न असा की, या शेतात हे जादा साडेचारशे रुपये किती भाताने फिटतात? 2025-26 च्या खरिपाला साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला 2369 रुपये होता. त्या भावाने साडेचारशे रुपये म्हणजे सुमारे एकोणीस किलो भात. शेत पाण्याचे, बांध धरलेले, आणि सुधारित वाणाचे आठ क्विंटल देणारे असेल, तर संकरित वाण पंधरा टक्के जास्त देते असे धरून वाढ सव्वा क्विंटलच्या आसपास येते. म्हणजे साधारण 2800 रुपयांचे भात. जादा खताचा खर्च वजा करूनही इथे महाग पिशवी स्वस्त पडते.

तीच पिशवी उताराच्या वरकस जमिनीत नेली की चित्र पालटते. तिथे पाणी ठरत नाही. हस्ताचा पाऊस हुकला तर सव्वाशे-एकशेतीस दिवसांचे भात दाणा भरण्याच्या वेळी वाळते. अशा ठिकाणी पंधरा टक्क्यांची वाढ कागदावरच राहते, आणि बियाण्यापाठोपाठ जादा खताचेही पैसे जातात. शिवाय संकरित वाणाचे घरचे भात पुढच्या वर्षी बी म्हणून पेरता येत नाही. पेरले तर उंची आणि फुलोरा एकसारखा येत नाही. सुधारित वाणाचे बी मात्र नीट निवडून दोन-तीन वर्षे घरचे वापरता येते. म्हणून त्या पिशवीचे साडेचारशे खरे तर दोन-तीन हंगामांवर वाटायला हवेत.

हा सगळा हिशेब दुकानात उभ्याउभ्या होत नाही. तो घरी, सावलीत, शेताचे गुंठे आणि मागच्या वर्षीची पोती आठवत करायचा असतो. “माझ्या वीस गुंठ्यांना या फरकाचे किती किलो भात जादा आले तर परवडेल?” एवढा एक आकडा घेऊन बाई दुकानात गेली, तर साडेदहाशेचा आकडा तिच्या मनात पहिला येत नाही. तिचा स्वतःचा आकडा पहिला असतो. अँकरिंग तेव्हाही होते, पण ते तिच्या बाजूने होते.

दुसरी गोष्ट पलीकडच्या पाड्याची. लोक करतात ते आपण करावे, ही सवय मेंढरांची म्हणून तिची टिंगल करण्याची रीत आहे. मला ती मान्य नाही. ज्याच्याजवळ प्रयोगशाळा नाही, पुस्तक नाही, आणि चुकले तर सावरायला शिल्लक नाही, त्याने शेजाऱ्याच्या शेतात काय पिकले ते पाहून ठरवणे हा शहाणपणाच आहे. अँड्र्यू फॉस्टर आणि मार्क रोझेन्झ्वाइग यांनी 1995 मध्ये भारतातल्या हरितक्रांतीच्या काळातील आकडेवारी तपासली, तेव्हा ज्यांच्या शेजाऱ्यांना नव्या वाणांचा अनुभव होता त्यांना स्वतःच्या शेतातही जास्त फायदा झाल्याचे दिसले. शेजारी हे खरोखर ज्ञानाचे साधन आहे.

पण ते कुठे चालते आणि कुठे नाही, हे कैवन मुन्शी यांनी 2004 मध्ये त्याच काळाच्या अभ्यासातून दाखवले, आणि आपल्या भागासाठी ते फार महत्त्वाचे आहे. गहू पिकवणारे शेतकरी शेजाऱ्यांच्या अनुभवावरून भराभर निर्णय घेत होते. भात पिकवणारे तितके घेत नव्हते. कारण भाताच्या नव्या जाती जमिनीच्या आणि पाण्याच्या बारीकसारीक फरकाला फार संवेदनशील होत्या. शेजाऱ्याला जे साधले ते आपल्याला साधेलच असे नव्हते, आणि भातवाल्यांना ते ठाऊक होते.

कोसबाडच्या परिसरात हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. इथला शेतकरी भात हळवे, निमगरवे आणि गरवे असे ओळखतो. उतारावर हळवे, मधल्या खाचरांत निमगरवे, आणि ओहोळाच्या काठी पाणी साचून राहते तिथे गरवे. एकाच पाड्यात, शंभर पावलांच्या अंतरात, या तिन्ही जमिनी सापडतात. “पलीकडच्या पाड्याने हेच नेलंय” हे वाक्य या ज्ञानाला बगल देते. पलीकडचा पाडा ओहोळाच्या काठी असेल आणि बाईचे शेत टेकडीच्या कडेला, तर तो पुरावा तिच्यासाठी खरा असूनही निरुपयोगी आहे. शिवाय मे महिन्यात पलीकडच्या पाड्याने पिशवी *नेलेली* असते. त्यातून काय पिकले ते अजून कुणालाच माहीत नसते. खरेदी हा पिकाचा पुरावा नव्हे. दुकानात दाखवली जाते ती गर्दी, आणि कळायला हवा असतो तो उतारा.

नुसती गर्दी किती दूर नेऊ शकते, हे 2006 मध्ये मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी गाण्यांवर केलेल्या प्रयोगात दिसले. अनोळखी बँडांची 48 गाणी चौदा हजारांहून अधिक लोकांना ऐकायला दिली. काहींना इतरांनी कोणते गाणे किती वेळा उतरवून घेतले ते दिसत होते, काहींना नव्हते. ज्यांना दिसत होते त्यांचेही आठ स्वतंत्र गट होते, आणि प्रत्येक गटात वेगवेगळी गाणी डोक्यावर चढली. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी टाकाऊ सहसा वर आली नाहीत. मधल्या सगळ्यांचे नशीब पहिल्या थोड्या लोकांनी काय निवडले यावर ठरले. बियाण्याच्या बाजारात ती पहिली निवड कशी होते? अनेकदा ज्या कंपनीने दुकानदाराला जास्त सवलतीचा माल किंवा हंगामाअखेरची सहल देऊ केली, तिच्या पिशव्या पुढे मांडल्या जातात. पहिले दहा गिऱ्हाईक त्या नेतात. अकराव्याला त्या दहांचा दाखला मिळतो.

म्हणून कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या संस्थांनी शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतावर घेतलेली प्रात्यक्षिके मला मोलाची वाटतात. त्यांतही सामाजिक पुरावाच वापरलेला आहे. फरक असा की, तो उभ्या पिकाचा पुरावा आहे, शेताचा मालक ओळखीचा आहे, आणि जमीन कोणती ते डोळ्यांना दिसते. याच टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ 1957 मध्ये बोर्डीहून आल्या. त्यांनी मुलांची वाट पाहत शाळेत बसून राहण्यापेक्षा बालवाडी पाड्यातल्या अंगणात नेली. अंगणात जे चालते ते शेजारणीला दिसते, आणि पटले तर ती आपले मूल पाठवते. दिसणाऱ्या उदाहरणाने माणूस बदलतो ही गोष्ट विकणाऱ्यांनी शोधून काढलेली नाही. शिकवणाऱ्यांनी ती याच मातीत प्रामाणिकपणे वापरली आहे.

तेव्हा शेजाऱ्याचे ऐकावे, पण विचारताना प्रश्न पुरता विचारावा: कोणत्या जमिनीत लावले होते, खत किती घातले, गेल्या दसऱ्यानंतर पाऊस थांबल्यावर भात कसे राहिले, आणि यंदा तेच पुन्हा लावणार का? शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगी. ज्याने एकदा पिकवून पुन्हा तेच घेतले, त्याचा एकट्याचा दाखला पिशवी नुकतीच नेलेल्या वीस जणांपेक्षा भारी आहे.

आता शेवटची पिशवी. स्टीफन वर्चेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 मध्ये बिस्किटांच्या बरणीचा एक साधा प्रयोग केला. एका बरणीत दहा बिस्किटे, दुसरीत दोन. दोनच्या बरणीतले बिस्किट लोकांना अधिक हवेसे आणि अधिक किमतीचे वाटले. काहींच्या समोर दहाची बरणी काढून दोनची ठेवली. त्यांना ते आणखीच हवेसे वाटले. आणि इतर लोकांनी मागणी केल्यामुळे बिस्किटे कमी झाली असे ज्यांना सांगितले, त्यांची ओढ सर्वांत जास्त होती. चव मात्र कुणालाच अधिक चांगली लागली नाही. दुकानदाराच्या वाक्यांचा क्रम आता पुन्हा पाहा: आधी पलीकडच्या पाड्याने नेले, मग चार-पाचच राहिल्या. टंचाई आणि गर्दी एकत्र आली की दोन्हींचा जोर वाढतो.

बियाण्याच्या बाबतीत टंचाई निव्वळ खोटी नसते, आणि अडचण इथेच आहे. पेरणीचा काळ थोडा असतो. मृगात आवण टाकली नाही तर लावणी मागे जाते, आणि लावणी मागे गेली की उतारा घटतो. चांगल्या सुधारित वाणांचा पुरवठा खरोखरच कमी पडतो. त्यात डहाणू-तलासरीतली किती कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर, बोटींवर, बांधकामांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. हातात पैसे येतात तेव्हा पेरणी आठ दिवसांवर असते. या माणसाला “उद्या ये” परवडत नाही. मुंबईकराला मोबाइलवर उलटे घड्याळ दाखवून जी घाई लावावी लागते, ती इथे आभाळच लावते. विकणाऱ्याला फक्त तिच्यावर हात ठेवायचा असतो.

खताच्या बाबतीत याचे उघड रूप सगळ्यांना माहीत आहे. युरियाची ओढ लागली की एका गोणीबरोबर नको असलेली सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली किंवा दुसरे खत घ्यावे लागते. कृषी खाते त्याला लिंकिंग म्हणते आणि त्यावर बंदी आहे. पण ज्याला उद्या युरिया टाकायचा आहे तो बाटलीवर वाद घालत नाही.

टंचाईने होणारे सर्वांत मोठे नुकसान पैशांचे नाही, तपासणीचे आहे. पिशवीला शिवलेल्या टॅगवर सगळे लिहिलेले असते: वाण, लॉट क्रमांक, उगवण किती टक्के, चाचणीची तारीख, बी कधीपर्यंत वैध. प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा असतो. भाताची उगवण निदान 80 टक्के हवी, असे मानक आहे. ती घरी तपासता येते. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात ओळीने ठेवायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल राखायची, आणि आठवडाभराने नीट मोड आलेले दाणे मोजायचे. ऐंशीच्या वर आले तर निर्धास्त. सत्तर आले तर बी थोडे जास्त टाकायचे. पन्नास आले तर पिशवी परत. घरचे बी असेल तर दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भात टाकायचे; पोकळ दाणे तरंगतात, ते काढायचे, बुडालेले स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवायचे. या सगळ्याला हवा एक आठवडा. शेवटची पिशवी घाईने घेणाऱ्याजवळ नेमका तोच नसतो. खराब बी तेव्हा वाफ्यात कळते, आणि वाफ्यात कळले तेव्हा मृग संपलेला असतो. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास बियाणे घरात आले, तर टंचाईची निम्मी ताकद जाते. ज्यांचे पैसे भट्टीवरून उशिरा येतात त्यांच्यासाठी बचत गटाने आधी एकत्र खरेदी केली, तर उरलेलीही जाते.

आता कायद्याचे. फसव्या डिझाइनविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत तेरा प्रकार नमूद आहेत आणि खोटी घाई हा त्यांतला एक. ती मुख्यतः ऑनलाइन बाजारासाठी आहेत. पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेची जी व्याख्या आहे, तिच्यात तोंडी केलेले खोटे विधानही येते, आणि नेहमीच्या विक्रीच्या किमतीबद्दल दिशाभूल करणेही येते. बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात स्पष्ट केले. तेव्हा हक्क आहे. पण “चार-पाचच राहिल्यात” हे तोंडी वाक्य खोटे होते, हे ऑक्टोबरमध्ये कोण सिद्ध करणार?

याचे उत्तर त्याहून कितीतरी जुन्या नियमात आहे, आणि ते फार थोड्या लोकांना माहीत आहे. बियाणे (नियंत्रण) आदेश, 1983 प्रमाणे प्रत्येक परवानाधारक विक्रेत्याने दुकानात दिसेल असा फलक लावायचा आहे. त्यावर प्रत्येक बियाण्याचा त्या दिवशीचा सुरुवातीचा आणि शेवटचा साठा, आणि विक्रीचे दर लिहायचे आहेत. गिऱ्हाइकाला पावती द्यायची आहे. आदेश लिहिणाऱ्यांसमोर मानसशास्त्राचे प्रयोग असतील असे वाटत नाही. साठेबाजी आणि काळाबाजार त्यांच्यासमोर होता. तरी त्यांचा फलक नेमका या भुलींवरचा उतारा आहे. साठा लिहिलेला असला की शेवटच्या पिशवीचे वाक्य बोलताच येत नाही, कारण बाईच्या मुलीला फळ्यावर “62” वाचता येते. सगळ्या वाणांचे विक्रीदर शेजारीशेजारी लिहिलेले असले की एका पिशवीवरच्या छापील आकड्याची पकड सैल होते, कारण डोळ्यांसमोर पहिला येणारा आकडा एकच उरत नाही.

फलकाने सगळे सुटत नाही. पलीकडच्या पाड्याचा दाखला फलकावर येत नाही. त्यासाठी शेतच बघावे लागते. फलक खोटा लिहिता येतो, आणि अनेक दुकानांत तो कोराच्या कोरा असतो किंवा गोण्यांच्या मागे गेलेला असतो. पण खोटा फलक हा लेखी पुरावा आहे. पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याला तो साठा नोंदवहीशी पडताळता येतो. बोललेले वाक्य पडताळता येत नाही.

मे आणि जूनमध्ये भरारी पथके फिरतात ती मुख्यतः बोगस बियाण्यासाठी. त्यांच्या तपासणीच्या यादीत फलक आहेच. तो वरच्या क्रमांकावर आणावा, आणि तालुक्यातल्या कोणत्या दुकानात फलक लागला व कुठे नाही, हे ग्रामपंचायतीत लावावे, असे माझे कृषी खात्याला सांगणे आहे. आणि वाचकांपैकी जे शिक्षक, अंगणवाडी सेविका, बचत गटाच्या ताई किंवा गावी शेती असणारे आहेत, त्यांना एक विनंती: या मृगाच्या आधी बियाण्याच्या दुकानात गेलात की वाणाचे नाव विचारण्यापूर्वी “साठ्याचा फलक कुठे आहे?” असे विचारा, पावतीवर लॉट क्रमांक लिहून घ्या, आणि रिकामी पिशवी, तिचा टॅग व मूठभर बी भात घरात येईपर्यंत जपून ठेवा. तालुक्याच्या तक्रार निवारण समितीपुढे याच चार गोष्टी चालतात.